गाठ जपा

डोळेकाकांकडे एकदा एक बाई चष्म्याचा नंबर तपासायला आल्या होत्या. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की त्या फाटकाच्या आत एक म्हातारे डोळ्यांचं काम फार नाजूक हाताने करतात. बाईंनी फाटकातून आत डोकावून विचारलं, "डॉक्टर कधी बसतात?" आत वाफ्यांना पाणी देणाऱ्या काकांनीच उत्तर दिलं, "डॉक्टर बसत नाहीत हो, दिवसभर उकिडवेच असतात." बाई गोंधळून परत गेल्या. हा किस्सा काका स्वतःच सगळ्यांना सांगत, आणि प्रत्येक वेळी स्वतःच आधी हसत.

ती जागा म्हणजे सफरचंदाची नर्सरी. काका तिथे डोळे भरायचे. झाडाच्या कोवळ्या काडीवर, प्रत्येक पानाच्या बगलेत एक बारीक फुगवटा असतो; त्याला डोळा म्हणतात. चांगल्या जातीच्या झाडाची काडी घ्यायची, तिच्यावरचा डोळा सालीच्या पातळ चकतीसकट उचलायचा, दुसऱ्याच रोपाच्या सालीला इंग्रजी टीसारखा काप द्यायचा, साल अलगद उकलायची, आत डोळा सरकवायचा आणि पट्टीने घट्ट बांधायचं. खालच्या रोपाला खुंट म्हणतात. हिवाळा सरला की डोळ्याच्या वरचा खुंट कापून टाकायचा. मग डोळा फुटतो आणि त्याचंच झाड होतं. मुळं एकाची, खोड-फांद्या दुसऱ्याच्या. दोघं जुळतात तिथे खोडाला एक फुगीर गाठ राहते, ती जन्मभर.

काका हे काम गुडघे दुखेपर्यंत आणि दुखायला लागल्यावरही करत आले. नर्सरी त्यांच्या थोरल्या भावाची. भाऊ गेल्यावर ती पुतणीकडे आली. पुतणी हुशार, कमी बोलणारी, आणि काकांच्या विनोदांना हसायचं की नाही हे ऐकून झाल्यावर ठरवणारी.

गिऱ्हाईक आलं की काका त्याला आधी वाफ्यांपाशी नेत. खुंट दोन प्रकारचे होते. एकाला सगळे बुटका म्हणत, दुसऱ्याला दांडगा. बुटक्यावर डोळा भरला तर झाड माणसाच्या उंचीला येऊन थांबतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ धरतं. पण मुळं अशक्त, म्हणून आयुष्यभर त्याला खांबाचा आधार हवा. दांडग्यावर तोच डोळा भरला तर झाड शिडी लावायला लागेल एवढं होतं, कुणाच्या आधाराशिवाय उभं राहतं आणि फळासाठी वर्षानुवर्षं ताटकळत ठेवतं. फळ मात्र दोन्हीकडे तेच. तोच रंग, तीच चव. "फळ कुठलं ते डोळा ठरवतो," काका सांगत, "पण झाड केवढं होणार आणि तुम्हाला किती वाट बघायला लावणार, ते खालचा खुंट ठरवतो." एवढं झालं की रोपांचा गठ्ठा गिऱ्हाइकाच्या हातात देत आणि निरोपाचं वाक्य म्हणत, "आणि गाठ जपा हं."

हे वाक्य ते इतक्या वर्षांपासून म्हणत होते, की आपण ते म्हणतो हेही त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

उन्हाळा संपत आला होता. साल सुटी होऊन डोळे भरायला लागायचे दिवस. त्या सकाळी ड्रायव्हर आला. बसच्या नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणत. माणूस विलक्षण काळजीचा. नोकरीत असताना उतरणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकल्याशिवाय त्याने कधी बस हलवली नाही, आणि त्यामुळे ती कधी वेळेवरही पोचली नाही. पाच वर्षांपूर्वी त्याने घरामागच्या उतारावर सफरचंदं लावायला रोपं नेली होती. सगळी बुटकी. त्याला शिडीची भीती वाटायची.

ऑफिसात येऊन तो खुर्चीवर बसला नाही, बूट काढून खुर्चीवर चढला.

"हे एवढं," तो हात छताला लावत म्हणाला. मग खाली उतरून त्याने आपल्या डोक्याएवढ्या उंचीवर हात धरला. "आणि हे एवढं. काका, रोपं एकाच दिवशी नेली, एकाच दिवशी लावली. बागेच्या मधून पाऊलवाट आहे. वाटेच्या एका बाजूला फळांनी वाकलेली झाडं, आणि दुसऱ्या बाजूला नुसते राक्षस. फळ शोधायला गेलं तर मान दुखते. तुम्ही मला अर्धे बुटके दिलेत आणि अर्धे दांडगे."

"असं कसं होईल?" काका म्हणाले. आवाजात जितका जोर हवा होता तितका आला नाही.

पुतणीने काकांकडे पाहिलं. काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली होती आणि ती बोलून दाखवायची दोघांचीही इच्छा नव्हती.

ड्रायव्हरच्या रोपांना ज्या हंगामात डोळे भरले, तो काकांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधीचा शेवटचा हंगाम होता. त्या काळात काकांना सगळं जग चहा सांडल्यासारखं दिसायचं, फक्त हे त्यांना माहीत नव्हतं. चादर नीट धुतली नाही म्हणून ते बायकोशी हुज्जत घालत. ती बिचारी तीच चादर पुन्हा पुन्हा धुवायची. ऑपरेशन होऊन घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकले. "भिंतीला पांढरा रंग कधी दिलास?" त्यांनी विचारलं. बायको म्हणाली, "भिंतीला नाही दिला. डॉक्टरनं तुमच्या डोळ्यांना दिला." चादरींचा हिशेब मात्र तिने अजून सोडलेला नव्हता.

आणि नर्सरीत बुटक्याला पांढरी फीत बांधायची पद्धत होती, दांडग्याला पिवळी. बांधायचे काका. पानं झडलेली, उघडी रोपं शेजारी-शेजारी उभी असली की चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही ती वरून चटकन ओळखता येत नाहीत. सगळी भिस्त फितीवर.

तसे अंगठ्याला खुंट कळायचे. बुटक्याची साल जाड, दांडग्याची पातळ. पण त्या हंगामात आपण अंगठ्याला विचारलं होतं की डोळ्यावरच विसंबलो होतो, हे काकांना काही केल्या आठवेना. एकदा वाटे, विचारलं होतं. लगेच वाटे, हे आपण आत्ता सोयीसाठी आठवतोय. माणसाचं डोकं म्हणजे अगदी बेभरवशाची जागा, आणि काकांचं तर आधीच पसारा घातलेलं.

दुपारी जेवायला घरी गेले तेव्हा त्यांनी बायकोला विचारलं, "तेव्हा मला पांढरं पांढरंच दिसायचं का गं?"

"तुम्हाला काय दिसायचं ते मला कसं दिसणार?" ती म्हणाली. आणि त्यांच्या ताटाकडे बघत, "जेवा. तोंडातला घास तरी दिसतोय ना?"

काका जेवता जेवता खिडकीबाहेर बघत राहिले. तिथे स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून एक अवाढव्य सफरचंदाचं झाड होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी काकांनी स्वतः डोळा भरलेलं पहिलं रोप बायकोला दिलं होतं. बुटकं म्हणून. ते बघता बघता छपराच्या वर गेलं. बारा-पंधरा वर्षं त्याने एक फळ दिलं नाही. आता देतं, पण शेंड्याला, आणि ती पाखरांची. पाहुणे आले की काका त्या झाडाकडे बोट दाखवून म्हणत, "ही माझी पहिली चूक. बुटका समजून दांडग्यावर डोळा भरला." लोक हसत. हसण्यात काकाही असत. पण त्यांना ते झाड मनापासून टोचायचं. तरुण वयात, लख्ख डोळ्यांनी आपण चुकलो होतो, तर धुरकट डोळ्यांनी किती वेळा चुकलो असू, हा विचार त्या दुपारी पहिल्यांदा त्यांच्या मनात आला.

परत आल्यावर ते सरळ पुतणीच्या टेबलापाशी गेले. खिशातून डोळे भरायचा चाकू काढला. त्याची मूठ त्यांच्या तळव्याच्या आकाराने झिजलेली होती. दुसऱ्या कुणाच्या हातात तो नीट बसतही नसे.

"उद्या ड्रायव्हरची बाग बघू," ते म्हणाले. "खुंट माझ्या हातून चुकले असतील तर हा तुझ्याकडे राहू दे. मी वाफ्यांना पाणी देईन."

पुतणी "अहो काका, काहीतरीच काय" असं म्हणेल, अशी त्यांची आशा होती. ती तसं काही म्हणाली नाही. तिने ड्रॉवर उघडला, चाकू आत ठेवला आणि ड्रॉवर लावला. ती वाईट नव्हती. तिलाही खरंच माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना बोलणं तिला जमत नसे. पण काकांना फार लागलं. बाहेर खुंट साल सोडून तयार उभे होते आणि त्यांचे हात रिकामे होते.

दुसऱ्या दिवशी दोघं पिकअपमधून ड्रायव्हरकडे गेले. ड्रायव्हर फाटकाशी उभाच होता. त्याच्याबरोबर त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. धंद्याने प्लंबर, गलेलठ्ठ आणि कायम कुठेतरी निघायच्या तयारीत असलेला. पाच वर्षांपूर्वी तो सहज भेटायला आला होता आणि दाजींनी त्याच्या हातात फावडं दिलं होतं. वाटेच्या उजवीकडची रोपं त्याने लावली, डावीकडची ड्रायव्हरने.

"माझं तासाभरात झालं," प्लंबर कौतुकाने म्हणाला. "दाजी तीन दिवस लावत होते."

काकांनी बाग पाहिली आणि त्यांना खरोखर काही सुधरेना. उजवीकडे खांबांना बांधलेली, डोक्याएवढी नेटकी झाडं. फांद्या लाल फळांनी वाकलेल्या. डावीकडे शेडच्या पत्र्याच्या वर गेलेली, मनगटाएवढ्या फांद्यांची, गर्द हिरव्या पानांची गर्दी. त्यांचे खांब केव्हाच निरुपयोगी झाले होते. फळं होती, पण हातावर मोजावीत इतकी. काका डावीकडे गेले, उजवीकडे आले, पुन्हा डावीकडे गेले. पानं चुरगाळून बघितली, फळ हातात घेऊन बघितलं. दोन्हीकडे जात तीच. डोळा तोच होता, तेवढं नक्की. मग चुकला तो खुंटच.

"माती वेगळी आहे का?" त्यांनी विचारलं.

"एकच उतार आहे, काका."

"पाणी? खत?"

"दोन्हीकडे सारखं. छाटणी तेवढी डावीकडे जास्त करतो. दर हिवाळ्यात अर्धी अर्धी कापतो, तर वसंतात दुप्पट उसळून येतात."

"ती कापलीत म्हणूनच उसळतात," पुतणी म्हणाली. "पण मुळात एवढी वाढली का, ते कळत नाही. लावताना गठ्ठे वेगवेगळे ठेवले होते का?"

"छे. सगळे सोडून टाकीत एकत्र भिजत घातले. मुळं सुकू नयेत म्हणून. मग हाताला येईल ते रोप घेत गेलो."

पुतणी थांबली. "दोघांनीही? हाताला येईल ते?"

"हो."

"मग सगळे दांडगे तुमच्याच हाताला कसे लागले? नर्सरीत सरमिसळ झाली असती, तर दोन्हीकडे दोन्ही दिसली असती."

प्लंबरने हळूच आपल्या तळहातांकडे पाहिलं, जणू त्यांच्यात काही खुबी आहे का ते तपासत होता. काकांना आशेचा किरण दिसायला हवा होता. पण झालं उलटंच, ते जास्तच गोंधळले. चूक आपली असली तर निदान ती कळण्यासारखी तरी होती. आता तर चूक कुणाचीच नव्हती आणि झाडं शेडच्या वर गेली होती.

पुतणी उजवीकडच्या एका झाडापाशी उकिडवी बसली. खोडाला जमिनीपासून मूठभर उंचीवर गाठ होती, चांगली फुगलेली. बुटक्याची फुगते तशी. मग ती डावीकडे आली, गवत बाजूला सारलं आणि बराच वेळ तिथेच बघत राहिली.

"काका," ती म्हणाली, "गाठ कुठे आहे?"

काका तिच्याजवळ गुडघे टेकून बसले. खोडावरून अंगठा फिरवत खाली आले. खोड गुळगुळीत, सरळ, आणि तसंच्या तसं मातीत गेलेलं. गाठच नव्हती. त्यांनी शेजारचं झाड पाहिलं. त्यालाही नव्हती. आपण डोळा न भरताच रोपं दिली की काय? पण मग वरच्या फांद्यांना ही जात आली कुठून? ते नुसते मातीकडे बघत राहिले.

"खुरपं आणा," पुतणी म्हणाली.

खोडाभोवतीची माती उंचवट्यासारखी चढत गेलेली होती. ती बाजूला केली तर खोडातूनच फुटलेली मुळं दिसायला लागली. चांगली मनगटाएवढी, चहूकडे पसरलेली. ती ओलांडून अजून खाली, कोपरभर खोल गेल्यावर गाठ सापडली. आणि गाठीच्या खाली खुंट होता, खंगलेला, पाच वर्षांत जेमतेम वाढलेला, वरच्या मुळांच्या मानाने अगदीच किरकोळ.

काकांचा हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा. प्लंबरने आपला चाकू पुढे केला. काकांनी खुंटाच्या मुळाला बारीक छेद दिला आणि अंगठ्याने चाचपलं. साल जाड, आतलं लाकूड कटकन तुटणारं.

"बुटका," ते म्हणाले. मग जरा मोठ्याने, "बुटकाच आहे हा!"

अजून एक झाड उकरलं. तेच. शेवटचं म्हणून आणखी एक. तेच.

मग सगळं पुतणीच्या तोंडून हळूहळू उलगडलं. गाठ मातीच्या वर राहिली तर झाडाला फक्त खुंटाची मुळं असतात आणि खुंट त्याला वाढीचा लगाम घालतो. गाठ ओल्या मातीत गाडली, तर गाठीच्या वरचा भाग, म्हणजे डोळ्यातून आलेलं खोड, स्वतःची मुळं सोडतं. ती मुळं जोमदार. ती एकदा रुजली की झाड आपल्या पायावर उभं राहतं आणि खालच्या बुटक्याला कुणी विचारत नाही. म्हणून पहिली दोन वर्षं सगळी झाडं सारखी होती आणि तिसऱ्या वर्षापासून डावीकडची सुटली.

काकांना हसू आलं. त्यांना ते आवरता आलं नाही. फीत बरोबर होती, अंगठा बरोबर होता, डोळे धुरकट होते तरी हात लख्ख होता. ते गुडघ्यांवर बसून खदखदून हसले, आणि मग त्यांचं लक्ष ड्रायव्हरकडे गेलं. तो अजिबात हसत नव्हता.

"पण तुम्हीच तर सांगितलं होतं," ड्रायव्हर म्हणाला.

"मी? काय सांगितलं?"

"गाठ जपा."

काकांचं हसू तोंडावरच राहिलं.

"मी गठ्ठा घेतला तेव्हा तुम्ही म्हणालात, आणि गाठ जपा हं. मी विचार केला, सगळ्यात नाजूक जागा ती. म्हणून खोल लावली. त्याच हिवाळ्यात वारा आला आणि ह्याच्या बाजूचं एक रोप गाठीतच मोडलं. मी डोळ्यांनी बघितलं. म्हटलं, बरं झालं आपण झाकली. मग दर वर्षी माझ्या बाजूला अजून माती लावत गेलो." त्याने राक्षसांच्या रांगेकडे पाहिलं. "एकेकाला. हाताने."

"मला कुणी काही सांगितलंच नाही," प्लंबर म्हणाला. "मी आपलं नर्सरीतल्या मातीचा डाग खोडाला जिथवर होता, तिथवर पुरलं आणि घरी गेलो."

प्लंबरला आपण काहीतरी चुकीचं बोललो असं वाटलं असावं. तो जाऊन उगाच नळ तपासायला लागला.

काकांनी तोंड उघडलं. गाठ जपा म्हणजे गाठीला धरून रोप उचलू नका, तिला धक्का लावू नका, खांबाला बांधा, आणि मातीच्या वर ठेवा. हे सगळं त्या दोन शब्दांत होतं. निदान त्यांच्या डोक्यात तरी होतं. बाहेर कधीच आलं नव्हतं. ते बोलायला गेले आणि त्यांना वाटलं, आता हे सांगून काय उपयोग. त्यांनी तोंड मिटलं.

"आता वरची मुळं कापली तर?" ड्रायव्हरने विचारलं.

"एवढ्या झाडाला तो खालचा खुंट पोसू शकणार नाही," पुतणी म्हणाली. "वाळेल, नाहीतर वाऱ्याने आडवं होईल. त्यापेक्षा एकाआड एक झाड काढा. राहिलेल्यांना जागा मिळेल. खत थांबवा, कापणं कमी करा, उभ्या फांद्या दोरीने आडव्या बांधा. दोन-तीन वर्षांत फळ धरतील. पण मोठीच राहतील. शिडी लागेल."

ड्रायव्हरने मान हलवली. मग काकांना विचारलं, "एकाआड एक म्हणजे कुठली? पहिल्यापासून की दुसऱ्यापासून?"

साधाच प्रश्न होता. काका खुरप्याची माती पुसत राहिले.

परतताना नर्सरीचं फाटक दिसायला लागल्यावर पुतणी म्हणाली, "ड्रॉवरला कुलूप नाही. चाकू घ्या. खुंट वाट बघतायत."

"म्हणजे चूक माझी नव्हती?"

"खुंटातली तरी नव्हती," ती म्हणाली, आणि गाडी वळवली.

हे उत्तर काकांना कुठे ठेवावं ते कळेना. त्यांनी चाकू घेतला, वाफ्यात जाऊन बसले, साल उकलली, डोळा सरकवला, पट्टी बांधली. हात झरझर चालत होता. डोकं मात्र एकेका गिऱ्हाइकाच्या मागे हिंडत होतं. ती टेकडीवरची मास्तरीण. तो दोन भावांचा मळा. ते दवाखान्याच्या मागचे चार वाफे. किती जणांना म्हणालो असू? त्यातले किती जण ड्रायव्हरसारखे काळजीचे होते? निष्काळजी माणसांचं त्यांना काही वाटत नव्हतं. ते सुखरूप असणार.

संध्याकाळी ते घरी गेले ते आत न जाता मागच्या अंगणात. बायको दोरीवरचे कपडे काढत होती. काका त्या अवाढव्य झाडापाशी उकिडवे बसले. बुंध्याभोवतीचं गवत सारून त्यांनी अंगठा फिरवला. एवढ्या वर्षांचं खोड, साल फाटलेली, खडबडीत. गाठ कुठेच नव्हती.

"काही हरवलं का?" बायकोने विचारलं.

"हे लावलंस तेव्हा," काका म्हणाले, "याची गाठ कुठे ठेवली होतीस?"

"कुठे म्हणजे? आत. मातीत." तिने चादरीची घडी हनुवटीखाली धरली. "तुम्हीच म्हणालात ना, गाठ जपा हं. मी चांगली खोल पुरली आणि वर दगड रचले. तुम्ही दिलेलं पहिलंच काहीतरी होतं."

काका तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं त्यांनी पाहुण्यांसमोर या झाडाला आपली चूक म्हटलं होतं, आणि ती प्रत्येक वेळी शेजारी उभी राहून चहा देत होती.

"का हो? पुरायची नव्हती?"

"नव्हती."

"मग जपायची कशी?"

"उघडी ठेवून."

"उघडं ठेवून कुणी काही जपतं का?" ती म्हणाली. रागाने नाही, तिला खरंच कळलं नव्हतं. मग तिने विचारलं, "म्हणजे तुम्ही बुटकंच दिलं होतं मला? चुकून दुसरं नव्हतं दिलं?"

"बुटकंच दिलं होतं."

"बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटायचं, घाईत हाताला लागेल ते उचलून आणलंत."

दुसऱ्यांचे डोळे भरण्यात उभा जन्म गेलेल्या माणसाचे स्वतःचे डोळे भरून आले. आपल्याला आनंद झालाय की लाज वाटतेय, हे काही त्यांना सांगता आलं नसतं. ते उठायला गेले तर गुडघा साथ देईना. बायकोने चादर खांद्यावर टाकून हात पुढे केला.

त्या हिवाळ्यात रोपांचे गठ्ठे बांधताना काकांनी प्रत्येक गाठीच्या खाली लाल रंगाचा पट्टा मारला. कल्पना पुतणीची, ब्रश काकांचा. फितींना आता ते बुटक्यासाठी एक गाठ मारत आणि दांडग्यासाठी दोन, म्हणजे डोळ्यांनी दगा दिला तरी अंगठ्याला कळावं. पहिलं गिऱ्हाईक म्हणून एक नवरा-बायको आले. काकांनी त्यांना वाफे दाखवले, खुंट समजावले, गठ्ठा हातात दिला आणि म्हणाले, "आणि गाठ—"

दोघं वाट बघत उभे राहिले.

काका तिथेच जमिनीवर बसले. गठ्ठ्यातलं एक रोप काढून मातीत उभं धरलं. मग त्या बाईंना खाली बसायला सांगून त्यांची मूठ वळवली आणि माती व लाल पट्टा यांच्या मध्ये ठेवली.

"एवढी," ते म्हणाले. "एवढी वर. कितीही जीव लावलात तरी."

बाईंनी मान हलवली आणि मूठ तशीच धरून ठेवली.

"घरी जाऊन पुन्हा सांगाल मला?" काका म्हणाले. "फोनवर. कुठे ठेवली ते."

पुतणीने ऑफिसच्या दारातून ते ऐकलं आणि ऑफिसचा नंबर लिहून दिला.